लेटरहेडवरचे सांत्वन

चाकणमधला एक छोटा पुरवठादार आहे असे समजा. तो एका मोठ्या कारखान्याला पत्र्याचे सुटे भाग पुरवतो. त्या कारखान्याच्या खरेदी विभागप्रमुखांच्या आई गेल्याचे त्याला सकाळी दहाच्या सुमारास कळते. तो लगेच चार ओळींचा शोकसंदेश पाठवतो. अकराच्या ठोक्याला त्याच्याच कार्यालयातून त्याच साहेबांना दुसरा ईमेल जातो: ‘आपले तीन बिलांचे पैसे थकीत आहेत, कृपया त्वरित भरणा करावा.’ हा ईमेल कोणी बसून लिहिलेला नसतो, हिशेबाच्या सॉफ्टवेअरने तो ठरल्या वेळी आपोआप सोडलेला असतो. पण घेणाऱ्याला दोन्हींखाली एकाच कंपनीचे नाव दिसते.

त्यामुळे व्यावसायिक शोकसंदेशाचे पहिले काम लेखणीचे नसून कार्यालयातले असते. बातमी कळताच हिशेब विभागाला एक फोन करावा आणि त्या व्यक्तीच्या नावावर जाणारी स्मरणपत्रे, जाहिराती आणि सणांच्या शुभेच्छा थांबवाव्यात. थकबाकी तातडीची असेल तर त्या कंपनीच्या हिशेब विभागाशी वेगळे बोलता येते. ‘पैशांचे सावकाश बघा’ हे वाक्यसुद्धा सांत्वनाच्या संदेशात नको. उदारपणे लिहिलेले असले, तरी त्यातून पैशांची आठवण करून दिलीच जाते.

आता मजकुराकडे वळू. या पुरवठादाराचा पहिला मसुदा बहुधा असा असेल: ‘आपल्या मातोश्रींच्या आकस्मिक निधनाचे वृत्त ऐकून अतीव दुःख झाले. त्या अत्यंत प्रेमळ, मनमिळाऊ व धार्मिक वृत्तीच्या होत्या. त्यांच्या जाण्याने न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो. आमच्यायोग्य सेवा असल्यास अवश्य कळवावे.’

यातले एकही वाक्य वाईट हेतूने लिहिलेले नाही, तरी जवळपास प्रत्येक वाक्य अडखळते. त्या बाई दोन वर्षे अंथरुणाला खिळून होत्या, म्हणजे ‘आकस्मिक’ चूक. पुरवठादाराने त्यांना कधी पाहिलेलेच नाही, तर त्या मनमिळाऊ होत्या हे त्याला कोणी सांगितले? पोकळीचे वाक्य चौकातल्या फलकावर खपून जाते, पण ज्याच्या घरात ती पोकळी आहे त्याला ते उसने वाटते. आणि ‘सेवा असल्यास कळवावे’ म्हणजे दुःखात बुडालेल्या माणसालाच आणखी एक काम. काय मागायचे, हे त्यानेच शोधून काढायचे.

तोच मजकूर पुन्हा लिहिला तर असा होईल: ‘आपल्या आईंच्या निधनाची बातमी आज सकाळी समजली. फार वाईट वाटले. त्यांना भेटण्याचा योग आला नाही; पण दर शनिवारी तुम्ही त्यांच्यासाठी साताऱ्याला जात होता, हे तुमच्या बोलण्यातून माहीत होते. आम्ही सर्वजण तुमच्या आणि कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी आहोत. सध्याच्या कामाचे तुमच्या सहकाऱ्यांशी बोलून घेऊ. या संदेशाला उत्तर देण्याची तसदी घेऊ नये.’

पन्नासएक शब्दांत काम झाले. यातले साताऱ्याचे वाक्य फक्त हाच पुरवठादार लिहू शकतो, आणि ओळख त्या एका वाक्याने पटते. असे काही माहीत नसेल तर ते वाक्य सरळ गाळावे, उरलेला मजकूर तसाही पुरतो. ओळख फक्त बिलांपुरती असेल तर तीन वाक्ये, वर्षानुवर्षांचे संबंध असतील तर सहा-सात. मूल गेले असेल किंवा मृत्यू अपघाती असेल, तर संदेश आणखी आखूड करावा. तिथे कारण विचारायचे नसते आणि धीर देण्याचा अधिकारही आपला नसतो. वृद्ध माणूस गेल्यावर ‘सुटले बिचारे’ म्हणायची मुभा घरच्यांना असते, पुरवठादाराला नाही.

तपशील तपासण्याबाबत अमेरिकेतले एक उदाहरण फार बोलके आहे. नोव्हेंबर १८६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या सहीने बॉस्टनच्या लिडिया बिक्सबी यांना एक सांत्वनपत्र गेले. यादवी युद्धात त्यांचे पाच मुलगे कामी आल्याची माहिती लिंकन यांना मिळाली होती. पत्र जेमतेम १४० शब्दांचे आहे, आणि शब्दांनी हे दुःख हलके होणार नाही अशी कबुली त्यात आरंभीच आहे. इंग्रजीतल्या उत्तम पत्रांत त्याची आजही गणना होते. पुढे निष्पन्न झाले की युद्धात मुलगे दोनच मारले गेले होते. ते पत्र लिंकन यांचे की त्यांचे सचिव जॉन हे यांचे, हा वादही अजून मिटलेला नाही. राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीची अशी गत झाली, तिथे व्हॉट्सॲप गटातल्या बातमीवर विसंबून लिहिणाऱ्याने एक फोन करून नाव, नाते आणि बातमी खरी असल्याची खात्री करून घ्यावी. ‘वडील’ की ‘सासरे’ एवढ्या गोंधळानेही सगळा संदेश वाया जातो.

धर्माच्या बाबतीत तर हात आखडताच बरा. ‘मृतात्म्यास शांती’ हे मराठी लेखणीला इतके सवयीचे झाले आहे की ते कुणाला खटकेल अशी शंकाही येत नाही. पण बौद्ध विचारात नित्य आत्मा मानलेला नाही. आंबेडकरी कुटुंबांत त्याऐवजी ‘आदरांजली’ वाहतात आणि कार्यक्रमाच्या पत्रिकेवर ‘पुण्यानुमोदन’ छापतात. निरीश्वरवादी घरातही ‘ईश्वरेच्छा’ उपरी ठरते. समोरच्याची रीत नेमकी ठाऊक नसेल, तर ‘तुमच्या दुःखात सहभागी आहोत’ हे वाक्य कुठल्याही घरात चालते.

कागदाचा प्रश्न वेगळाच आहे. मृत्यूची वार्ता देणाऱ्या पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ लिहायचा नाही, ही जुनी मराठी रीत आहे. असे पोस्टकार्ड कोपरा फाडून पाठवत, आणि वाचून झाले की ते घरात ठेवत नसत. सांत्वनपत्राला हा नियम काटेकोरपणे लागू होत नसला, तरी जुन्या वळणाच्या घरी पत्र जाणार असेल तर ‘श्री गजानन प्रसन्न’ छापलेले लेटरहेड बाजूला ठेवून साधा पांढरा कागद घेतलेला बरा. ईमेलमध्ये ‘श्री’च्या जागी सहीखालची जाहिरात असते: नव्या उत्पादनाचे चित्र, प्रदर्शनातल्या स्टॉलचा क्रमांक. ती खोडावी. बिलाच्या जुन्या ईमेलला उत्तर म्हणून शोकसंदेश पाठवू नये, त्याचा विषय वर तसाच राहतो.

सही कोणाची, यावरही बरेच ठरते. ज्याचा रोजचा संबंध आहे त्याने त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर स्वतःच्या नावाने लिहावे. मालकांचे पत्र दोन-तीन दिवसांनी गेले तरी चालते, मात्र दहाव्याच्या आत. उशीर झालाच तर ‘बातमी उशिरा कळली’ एवढेच लिहावे, सबबींचा पाढा नको.

दिवाळीची यादी मात्र बहुतेक कार्यालये विसरतात. अनेक मराठी घरांत मृत्यूनंतरच्या पहिल्या दिवाळीला फराळ करत नाहीत, आप्तेष्ट तो घेऊन येतात. अशा घरी ‘ही दिवाळी आनंदाची, भरभराटीची जावो’ असे सोनेरी कार्ड आणि सुकामेव्याचा डबा पोहोचतो, तो याद्या मार्चमध्ये तयार होतात आणि जुलैमधली बातमी त्यांत कोणी चढवत नाही म्हणून. ग्राहकांच्या नोंदीत त्या नावापुढे वर्षभरासाठी एक खूण करायला अर्धा मिनिट लागतो. ती खूण शोकसंदेश पाठवल्या दिवशीच करावी, कारण ऑक्टोबरपर्यंत ते खाते दुसऱ्याच विक्री प्रतिनिधीकडे गेलेले असू शकते.