खिचडीआधीची चोवीस सेकंदं

गैरसमज : घोषणा जोरात झाली की सवय लागली.

१५ ऑक्टोबर हा जागतिक हात धुवा दिन, २००८ पासूनचा. आजऱ्यात काय किंवा चंदगडात काय, त्या दिवशी भिंतीवर 'स्वच्छता' आणि 'आरोग्य' हे शब्द हमखास दिसतात. पहिलीतल्या पोराच्या तोंडात ही जोडाक्षरं अडकतात आणि हातांनी नेमकं काय करायचं, हे त्यांतून कळत नाही. साबण लावून हात निदान वीस सेकंद चोळायला हवेत. घोषणेनं तेवढा वेळ मोजला पाहिजे आणि ओळीओळीला हातांना काम दिलं पाहिजे. उदाहरणार्थ :

तळवा तळवा, फेस फेस!
हाताची पाठ, घास घास!
बोटांत बोटं, आत आत!
अंगठा धरून, गोल गोल!
नखं तळव्यात, खर्र खर्र!
मनगट मनगट, गर्र गर्र!

एक ओळ म्हणायला साधारण दोन सेकंद लागतात. प्रत्येक ओळ दोनदा म्हटली, पहिल्यांदा उजव्या हातासाठी आणि मग डाव्यासाठी, की सहा ओळींची चोवीस सेकंदं होतात. तोवर नळ बंदच ठेवायचा. खिचडीचा वास आला की पोरं ओळी गिळतात, म्हणून ताल बाईंनी टाळीनं धरावा.

गैरसमज : नुसत्या पाण्यानं भागतं.

पावसाळ्यात रोपलावणीच्या चिखलातून आलेल्या हातांवरची माती पाण्यानं जाते, म्हणून तसं वाटतं. पण जंतू त्वचेवरच्या तेलकट थराला चिकटून बसतात. साबण तो थर सोडवतो आणि मग पाणी त्याला वाहून नेतं. त्यासाठी पाणी गरम लागत नाही, गारही चालतं. साबणाची वडी मात्र भोकांच्या डबीत ठेवावी, नाहीतर दोन दिवसांत तिचा चिखल होतो.

गैरसमज : सॅनिटायझर असला की साबण नको.

मळलेल्या हातांवर तो नीट चालत नाही आणि जंतांची अंडी त्यानं मरत नाहीत. शाळेत १० फेब्रुवारीला जंतनाशक गोळी मिळते, पण नखांत माती राहिली तर जंत पुन्हा पोटात जाऊ शकतात.

गैरसमज : पाठ झालं म्हणजे जमलं.

तोंड चालतं आणि हात थांबतात, हे नेहमीचंच. खात्री करायची तर मुलाच्या हातांना थोड्या खोबरेल तेलात कालवलेली हळद चोळा आणि घोषणा म्हणत धुवायला सांगा. पिवळं बहुधा अंगठ्याच्या मुळाशी आणि नखांच्या कडेला उरतं. तसं दिसलं तर चौथी आणि पाचवी ओळ आठवडाभर चार-चार वेळा म्हणून घ्या. काजूच्या हंगामात टरफलाच्या तेलाचे काळे डाग दिसले तर ते न धुतल्याची खूण समजू नका. ते साबणानंही लगेच जात नाहीत, आणि जोर लावून घासलं तर आधीच पोळलेली कातडी सोलते.

धुतलेले हात चड्डीला पुसू देऊ नका. हवेत झटकून वाळवले तरी पुरे.