बैठक क्रमांक चुकला तर पेपर कुणाचा?

आज आपण एका छोट्या चुकीबद्दल बोलणार आहोत. उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर बैठक क्रमांक चुकीचा लिहिला गेला तर पुढे काय होतं? दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये नांदेड आणि लातूरच्या घराघरांत हा प्रश्न येतो. पेपर देऊन आलेलं लेकरू संध्याकाळी हॉल तिकीट बघतं आणि म्हणतं, "मी बहुतेक नंबर उलटा लिहिला." मग घरातल्या कुणालाच झोप लागत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. चुकीच्या क्रमांकामुळे उत्तरं चुकीची ठरत नाहीत, त्यांचे गुणही कापले जात नाहीत. धोका वेगळाच असतो. मिळालेले गुण आपल्या नावापर्यंत पोचत नाहीत. ते दुसऱ्याच्या नावावर जातात, किंवा कुणाच्याच नावावर न जाता आपल्या रकान्यात 'अनुपस्थित' लागतं. बारावीत एका विषयाला असं झालं तर निकाल अनुत्तीर्ण. वैद्यकीय प्रवेशाला खुल्या प्रवर्गात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र मिळून बारावीला पन्नास टक्के लागतात. म्हणजे नीटचे गुण कितीही असले तरी प्रवेश अडतो. म्हणून ही चूक कशी सापडते आणि कशी दुरुस्त होते, हे नीट समजून घेऊ.

नांदेड, लातूर आणि धाराशिव हे तीन जिल्हे राज्य मंडळाच्या लातूर विभागीय मंडळाकडे येतात. उत्तरपत्रिका कुणाची, हे सांगणाऱ्या खुणा आपण मोजून बघू. पहिली खूण म्हणजे विद्यार्थ्यानं हातानं लिहिलेला बैठक क्रमांक, अंकांत आणि अक्षरांत. दुसरी, पहिल्या पानावर चिकटवायचा बारकोड. तिसरी, उत्तरपत्रिकेवरचा छापील क्रमांक. चौथी, वर्गातलं हजेरीपत्रक, ज्यावर विद्यार्थी सही करतो. आणि पाचवी, त्याचं अक्षर. तपासणाऱ्या परीक्षकाला नाव कळू नये म्हणून हातानं लिहिलेला क्रमांक स्टिकरखाली झाकला जातो आणि पुढचा प्रवास बारकोडवर होतो. त्यामुळे हातानं लिहिलेला क्रमांक चुकला पण बारकोड आपलाच लागला, तर चार साक्षीदार आपल्या बाजूचे असतात. असं प्रकरण सहसा लवकर सुटतं.

आता चूक कशी पकडली जाते ते एका उदाहरणानं बघू. समजा, एका ब्लॉकमध्ये 25 विद्यार्थी आहेत. त्यांच्या क्रमांकांचे शेवटचे तीन अंक 331 ते 355. त्या दिवशी 340 गैरहजर आहे, म्हणजे गठ्ठ्यात 24 उत्तरपत्रिका. आपलं लेकरू 347.

पहिला प्रकार. त्यानं 347 ऐवजी 374 लिहिलं. पर्यवेक्षक गठ्ठा क्रमानं लावतो तेव्हा 347 ची जागा रिकामी दिसते आणि 374 हा पाहुणा मध्येच आलेला दिसतो. हिशेबाचं काम करणाऱ्यांना इथं एक जुनी युक्ती माहीत असते. दोन अंकांची अदलाबदल झाली की खऱ्या आणि चुकीच्या आकड्यातल्या फरकाला नेहमी 9 नं भाग जातो. 374 वजा 347 म्हणजे 27. भाग गेला, म्हणजे अंक उलटले असण्याची शक्यता मोठी. ही चूक बहुतेक वेळा केंद्रावरच सापडते.

दुसरा प्रकार. त्यानं शेजारच्याचा क्रमांक लिहिला, 346. आता 346 च्या दोन उत्तरपत्रिका झाल्या आणि 347 ची एकही नाही. हेही लगेच डोळ्यांत भरतं.

तिसरा प्रकार अवघड. त्यानं नेमका गैरहजर विद्यार्थ्याचा क्रमांक लिहिला, 340. गठ्ठा मोजला तर 24 भरतात. क्रमांक सगळे याच ब्लॉकमधले आहेत, दुबार एकही नाही. वरवर बघितलं तर सगळं बरोबर. चूक फक्त हजेरीपत्रकाशी ताळा केला तरच कळते. 340 च्या समोर गैरहजेरीची खूण आहे, मग त्याची उत्तरपत्रिका आली कुठून? हा ताळा झाला नाही आणि बारकोडही गोंधळलेला असेल, तर घरी बसलेल्या मुलाला गुण मिळतात आणि पेपर दिलेलं लेकरू अनुपस्थित ठरतं.

चौथा प्रकार सगळ्यांत गुपचूप घडतो. दोन मुलांच्या बारकोडची अदलाबदल होते. संख्या जुळते, हजेरी जुळते, दोघांनाही गुण मिळतात. फक्त ते एकमेकांचे असतात. हे निकालाआधी कुणाच्या लक्षात येणं कठीण. म्हणून बारकोड चिकटवण्याआधी त्यावरचा क्रमांक हॉल तिकिटाशी ताडून बघणं हे हातानं क्रमांक लिहिण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

दुरुस्तीचं बोलू. इथं वेळेला किंमत आहे. चूक वर्गातच लक्षात आली तर काम दोन मिनिटांचं. चुकीच्या क्रमांकावर एकच सरळ रेघ मारायची, शेजारी बरोबर क्रमांक लिहायचा आणि पर्यवेक्षकांना दाखवून त्यांची सही घ्यायची. गिरवागिरवी नको, खाडाखोड नको, पांढरी शाई तर नकोच. खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे, नाहीतर साध्या चुकीवर संशय येतो.

घाबरून आतल्या पानांवर किंवा पुरवणीत भलत्या जागी क्रमांक किंवा नाव लिहू नये, हेही इथंच सांगू. आपली ओळख परीक्षकाला कळवणं हा गैरप्रकार धरला जातो. कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत काही उमेदवारांनी ठरलेली जागा सोडून इतरत्रही क्रमांक लिहिले होते. आयोगानं त्यांच्या उत्तरपत्रिका तपासल्या नाहीत आणि 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आयोगाचा निर्णय उचलून धरला. क्रमांक चुकणं एक गोष्ट आणि ओळख पटवणं दुसरी. परीक्षा घेणारी यंत्रणा पहिल्याकडे चूक म्हणून बघते, दुसऱ्याकडे हेतू म्हणून.

चूक घरी आल्यावर आठवली तर त्याच दिवशी, नाहीच जमलं तर पुढच्या पेपरला, केंद्रसंचालकांना लेखी अर्ज द्यावा. गठ्ठे केंद्रावरून परीरक्षकांकडे जातात, त्यामुळे उत्तरपत्रिका पुन्हा हातात मिळणार नाही. पण नोंद होते, आणि ती नोंद पुढे उपयोगी पडते. अर्जात बरोबर क्रमांक, लिहिला गेलेला क्रमांक आठवत असेल तर तो, विषय, तारीख, ब्लॉक आणि हॉल तिकिटाची प्रत असावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. आपल्याकडे तोंडी सांगून "बघतो" ऐकून परत येण्याची सवय आहे. निकालानंतर त्या "बघतो"चा पुरावा देता येत नाही.

निकालातच घोळ दिसला तर अर्ज शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालयामार्फत विभागीय सचिवांकडे जातो. तिथं आपण मघाशी मोजलेले साक्षीदार एकेक करून तपासता येतात. हजेरीपत्रकावर सही आहे का? उत्तरपत्रिकेचा छापील क्रमांक कुणाला दिलेला दिसतो? त्याच विद्यार्थ्याच्या इतर विषयांच्या उत्तरपत्रिकांमधलं अक्षर जुळतं का? जुळलं की गुण योग्य नावावर चढतात आणि सुधारित गुणपत्रिका मिळते.

इथं पालकांची एक गल्लत होते. ते गुणपडताळणीचा अर्ज करतात. गुणपडताळणीत बेरीज आणि न तपासलेली उत्तरं बघतात, उत्तरपत्रिका कुणाची हे नाही. ओळखीची शंका असेल तर छायाप्रत मागवा. छायाप्रत उघडली आणि अक्षर आपल्या मुलाचं नसेल, तर पुनर्मूल्यांकनाच्या मागे न लागता थेट लेखी तक्रार करा. दुसऱ्याच्या पेपरचं पुनर्मूल्यांकन करून काय मिळणार? छायाप्रतीच्या अर्जाची मुदत मोजक्या दिवसांची असते, ती निकालाच्या पत्रकातच दिलेली असते. आणखी एक दार आहे. 9 ऑगस्ट 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्याखाली माहिती आहे आणि विद्यार्थी ती बघू शकतो. मात्र मंडळानं उत्तरपत्रिका जपून ठेवली आहे तोपर्यंतच. नष्ट झाली की साक्षीदारच गेला.

शेवटी श्रोत्यांकडून आलेले तीन प्रश्न घेऊ.

प्रश्न : नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात मुलं बैठक क्रमांकाऐवजी पीआरएन लिहितात. ते चालतं का?

पीआरएन हा कायम नोंदणी क्रमांक, तो शिक्षण संपेपर्यंत एकच राहतो. बैठक क्रमांक त्या परीक्षेपुरता. एकाच्या जागी दुसरा लिहिणं ही चूकच. पण पीआरएन त्या विद्यार्थ्याचाच असल्यामुळे माणूस सापडतो. दुरुस्तीचा अर्ज प्राचार्यांमार्फत परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांकडे जातो.

प्रश्न : स्पर्धा परीक्षांतही अशीच दुरुस्ती होते का?

तिथं गृहीत धरू नका. ओएमआर पत्रिका यंत्र वाचतं, आणि गोल ज्या क्रमांकाचे भरले तोच यंत्रासाठी उमेदवार. केंद्रीय लोकसेवा आयोग आपल्या जाहिरातीतच बजावतो की अनुक्रमांक किंवा प्रश्नपुस्तिकेचा संच भरण्यात चूक झाली तर उत्तरपत्रिका रद्द होऊ शकते. शाळेच्या परीक्षेत मंडळाला आपला प्रत्येक विद्यार्थी निकालात आणायचा असतो. स्पर्धा परीक्षेत सूचना पाळणं हा परीक्षेचाच भाग मानतात.

प्रश्न : दुरुस्ती होईपर्यंत पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरावा का?

भरावा. उन्हाळ्यानंतरच्या त्या परीक्षेची मुदत आपल्या तक्रारीसाठी थांबत नाही. दुरुस्ती आधी झाली तर फीपुरतं नुकसान, झाली नाही तर वर्ष वाचतं. फक्त तक्रार मागे घेऊ नका. दोन्ही कामं शेजारी शेजारी चालू द्या, आणि प्रत्येक कागदाची पोच एकाच पाकिटात ठेवा.