कळ आज कुठल्या स्टेशनात?

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे माझा सीझन. बोरीवली पश्चिमेला, बाभईत, एका सोसायटीच्या तळमजल्यावर माझं फिजिओथेरपीचं छोटंसं क्लिनिक आहे. घराघरांत माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरतात, गाद्या गच्चीत जातात, आणि मग कंबर धरून माणसं येऊ लागतात.

गेल्या वर्षी असेच एक गृहस्थ आले. त्यांना इथे देसाई म्हणू. वय सेहेचाळीस, चर्चगेटजवळच्या ऑफिसात हिशेबाचं काम, वीस-बावीस वर्षं रोज बोरीवली फास्ट. रिक्षात मागच्या सीटवर तिरके आडवे होऊन आले होते, कारण बसवतच नव्हतं. झालं होतं ते एवढंच: बॉक्स-पलंगाची फळी एका हाताने उचलून धरली आणि दुसऱ्या हाताने, कंबरेत पिळून, आतली रजई ओढली. त्या दिवशी कंबर नुसती धरली. दुसऱ्या दिवशी सकाळी शिंक आली आणि डाव्या ढुंगणातून मांडीच्या मागून, पोटरीतून थेट टाचेपर्यंत करंट गेला. चार दिवसांनी करंगळी बधिर. गंमत म्हणजे कंबरदुखी तोवर जवळजवळ थांबली होती.

"मणक्यात गॅप आलीय म्हणतात," त्यांच्या मिसेस म्हणाल्या.

हा शब्द मी दिवसातून चारदा ऐकते, आणि तो नेमका उलटा आहे. दोन मणक्यांमध्ये गॅप असतेच, असायलाच हवी. तिथे एक चकती असते, बाहेरून चिवट आवरण आणि आत दाटसर गर. वयाबरोबर चकतीतलं पाणी कमी होतं आणि गॅप वाढण्याऐवजी घटते. देसाईंच्या बाबतीत वाकून पिळलेल्या कंबरेत त्या आवरणाला मागच्या बाजूने चीर गेली आणि थोडा गर बाहेर आला. नेमका तिथूनच पायाच्या नसेचा एक धागा निघतो. असे पाच धागे एकत्र येऊन ढुंगणातून खाली जाणारी, करंगळीएवढी जाड नस तयार होते. आपल्या शरीरातली ही सर्वांत जाड नस. धागा दुखावला कंबरेत, पण मेंदूला वाटतं पाय दुखतोय. म्हणून पोटरीला कितीही तेल चोळा, कळ ऐकत नाही.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. नस नुसती 'दबल्याने' एवढी बोंबलत नाही. स्वीडनमधल्या संशोधकांनी 1990 च्या दशकात डुकरांवर प्रयोग करून दाखवलं, की हा गर कसलाही दाब न देता नसेच्या मुळाशी नुसता ठेवला तरी नस बिघडते. म्हणजे दाबाच्या जोडीला जळजळही आहे. पुढची सगळी आशा इथेच आहे, कारण जळजळ ओसरते आणि बाहेर आलेला गर शरीर हळूहळू खाऊन टाकतं. मोठा तुकडा सुटून बाहेर आला असेल तर तो आक्रसण्याची शक्यता उलट जास्तच. रिपोर्टात 'मोठा' हा शब्द वाचून ज्यांची झोप उडते, त्यांना मी हे मुद्दाम सांगते.

देसाईंना उताणं झोपवून मी डावा पाय गुडघा न वाकवता वर उचलला. पस्तीस अंशांवर ते ओरडले. उजवा ऐंशीपर्यंत आरामात गेला. ही तपासणी जगभर लासेग या फ्रेंच डॉक्टरच्या नावाने चालते, पण ती लिहून ठेवली त्याच्या एका विद्यार्थ्याने, 1881 मध्ये. त्याच्या वर्षभर आधी सर्बियात लाझा लाझारेविच यांनी ती मांडली होती. हे डॉक्टर त्यांच्या भाषेतले नावाजलेले कथाकारही होते, म्हणून दिवाळी अंकात त्यांना जागा द्यायला हरकत नाही. आपल्याकडे तर सुश्रुतसंहितेत गृध्रसी सांगताना पाय उचलता न येणं हे लक्षण दिलेलंच आहे. गृध्र म्हणजे गिधाड. दुखरा पाय ओढत चालणारा माणूस पाहिला की ते नाव पटतं.

मग मी त्यांना टाचांवर चालवलं. जमलं. भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभं राहून टाच उचलायला सांगितलं. उजव्यावर वीस वेळा झालं. डाव्यावर चौथ्या वेळी पोटरी थरथरली आणि टाच खाली बसली. टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारली तर डावं पाऊल हललंच नाही. बाधा कमरेच्या शेवटच्या चकतीपाशी आहे, हे इतक्यात कळलं. एक चकती वर असती, तर कळ पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पावलावर, अंगठ्याकडे गेली असती आणि टाचांवर चालताना अंगठा वर उचलला गेला नसता.

इथे जरा थांबते, कारण लोक कळ मोजतात आणि ताकद मोजत नाहीत. कळ दहापैकी नऊ असली तरी ताकद टिकून असेल तर वेळ हातात असतो. कळ अचानक कमी झाली आणि पाऊल लुळं पडून चप्पल निसटू लागली, तर ती सुधारणा नव्हे. तिथे एक दिवसही न थांबता सर्जनकडे जायचं. आणि सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा सुटला, दोन्ही पायांत कळा येऊ लागल्या, तर फिजिओथेरपिस्टची अपॉइंटमेंट घ्यायची नाही. त्याच रात्री हॉस्पिटल. माझ्याकडे एक बाई असं सगळं होऊन दोन दिवसांनी आल्या होत्या, मधल्या काळात कोणीतरी 'शीर चढवून' दिली होती. ऑपरेशन झालं, चालायला लागल्या, लघवीचा त्रास मात्र राहिला.

देसाईंचं यातलं काही नव्हतं. त्यांना मी पालथं झोपवलं. सपाट झोपवेना, म्हणून पोटाखाली उशी. पाच मिनिटांनी उशी काढली. आणखी पाच मिनिटांनी त्यांना कोपरांवर उठवलं.

"आता कळ कुठे आहे?"

"टाचेत नाहीये. पोटरीत आहे. पण कंबर जास्त दुखतेय."

मला हेच ऐकायचं होतं. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांना हे 1956 मध्ये अपघाताने सापडलं. एक पेशंट डोक्याकडची बाजू वर केलेल्या टेबलावर चुकून तसाच पालथा पडून राहिला आणि पायातली कळ गेल्याचं सांगू लागला. कळ पायातून वर सरकत कंबरेकडे गेली, तर कंबर जास्त दुखली तरी चालतं, लक्षण चांगलं. खाली सरकली तर जे करतोय ते थांबवायचं.

देसाई हिशेबनीस माणूस. त्यांनी याची वहीच घातली. कंबर म्हणजे चर्चगेट, ढुंगण दादर, गुडघ्यामागे अंधेरी, घोटा बोरीवली आणि करंगळी विरार. रोज सकाळ-संध्याकाळ नोंद. "मॅडम, आज अपला आहे, अंधेरी सोडलं." मी तेव्हापासून ही वही सगळ्यांना घालायला लावते.

त्यांचा व्यायाम म्हणजे एवढंच: पालथं झोपून तळवे टेकवायचे, कंबर आणि ढुंगण सैल जमिनीवर ठेवून फक्त छाती उचलायची. दहा वेळा, दर दोन-तीन तासांनी. बसायचं वीस मिनिटांपेक्षा जास्त नाही. दिवसातून चार-पाच वेळा दहा मिनिटं चालायचं, गोराईपर्यंत जायची जिद्द नको. झोपून राहायचं नाही. 1999 मध्ये नेदरलँड्समध्ये अशा 183 पेशंटांची पाहणी झाली होती. निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणात ठेवलं, निम्म्यांना हिंडूफिरू दिलं. बारा आठवड्यांनी दोन्हींकडे 87 टक्के लोक सुधारले होते. म्हणजे झोपून काही मिळालं नाही.

हा व्यायाम सगळ्यांना लागू नाही. सत्तरीच्या आजोबांना चालताना पाय भरून येत असतील आणि भाजीच्या ट्रॉलीवर ओणवं झालं की बरं वाटत असेल, तर त्यांची मणक्यातली नळीच अरुंद झालेली असते. त्यांना मागे वाकवलं तर कळ वाढते. कळ कुठे सरकते ते बघितल्याशिवाय शेजाऱ्याचा व्यायाम उचलू नये.

नवव्या दिवशी देसाई पुन्हा विरारला. चौकशी केली तर सकाळी पाण्याच्या वेळेला उठल्या उठल्या दोन बादल्या उचलल्या होत्या. रात्रभर आडवं पडलं की चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो ते त्यामुळेच. अशा ताणलेल्या चकतीवर वाकणं सगळ्यात महागात पडतं, म्हणून उठल्यावर पहिला तासभर बादली नाही, मोजे नाहीत, कचऱ्याचा डबा नाही. दुसरा गुन्हेगार तिसऱ्या आठवड्यात सापडला, ऑफिसला जायला लागल्यावर: चौथी सीट. अर्धं ढुंगण हवेत, धड पिळलेलं, एक पाय पॅसेजमध्ये, आणि असं अंधेरीपर्यंत. त्यांना मी उभं राहून जायला सांगितलं. त्यांना तो अपमान वाटला, पण कळ दादरच्या पुढे गेली नाही.

गोळ्यांचं विचारलंत तर, दुखणं मारणाऱ्या साध्या गोळ्या थोडेफार दिवस काढून देतात, त्याही डॉक्टरला विचारून, पोट आणि किडनी बघून. 'नसेची गोळी' म्हणून प्रीगॅबालिन सर्रास लिहून दिली जाते. 2017 मध्ये ऑस्ट्रेलियात 209 पेशंटांवर तिची परीक्षा झाली. खोट्या गोळीपेक्षा ती सरस ठरली नाही, चक्कर मात्र जास्त आली. कोणी ती घेत असेल तर मनाने एकदम बंद करू नये, डॉक्टरकडून हळूहळू कमी करून घ्यावी. वजन लावण्याचं यंत्र माझ्याकडेही आहे. त्याने नस सुटते असं मी पेशंटला सांगत नाही.

एमआरआय देसाईंनी सहाव्या आठवड्यात, मेव्हण्याच्या आग्रहाने काढला. चकती बाहेर आलेली दिसली, अर्थातच. 1994 मध्ये अमेरिकेत कंबर कधी न दुखलेल्या 98 जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून जास्त लोकांची चकती फुगलेली निघाली. चित्र तेव्हाच उपयोगी, जेव्हा ऑपरेशन किंवा इंजेक्शन ठरवायचं असतं, किंवा वर सांगितलेलं काही भयंकर दिसतं.

ऑपरेशनविरुद्ध माझं काही नाही. सहा आठवड्यांनंतरही कळ टाचेतून हलत नसेल, झोप होत नसेल, तर बाहेर आलेला तुकडा काढला की पाय लवकर मोकळा होतो. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच पाहणीत 283 पेशंट होते. लगेच ऑपरेशन केलेल्यांची कळ लवकर गेली, पण वर्षभराने दोन्ही गट सारखेच होते. थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांना मात्र वर्षाच्या आत ऑपरेशन करावंच लागलं. म्हणजे पैसा, रजा आणि सोसण्याची ताकद पाहून ज्याचं त्याने ठरवायचं. मणक्यातलं स्टिरॉइडचं इंजेक्शनही काही आठवडे उसंत देऊ शकतं, त्याहून फार अपेक्षा धरू नये.

देसाईंना सर्जनची गरज पडली नाही. सहाव्या आठवड्यात डावी टाच बारा वेळा उचलली गेली, बाराव्यात अठरा. पाय सत्तर अंशांपर्यंत गेला. टाचेमागची हातोडी अजून फुकट जाते, ती कदाचित कायमची. शेवटच्या दिवशी ते वही घेऊन आले. चर्चगेटसमोर शून्य, दादरसमोर शून्य, अंधेरीसमोर शून्य. करंगळी तेवढी अजून लाकडासारखी होती.

"विरारला एक डबा राहिलाय, मॅडम."

"राहू दे. तो सगळ्यात शेवटी येतो."

त्यांनी वही मिटली आणि बूट घालायला वाकले. मग थांबले, खुर्ची ओढली आणि पाय वर घेऊन नाडी बांधली.