दोन टीबी चढवल्यानंतरची तपासणी

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या जुन्या स्टुडिओंमध्ये मिनी डीव्ही कॅसेटचे खोके अजूनही माळ्यावर सापडतात. तासाभराची एक कॅसेट फायरवायरच्या केबलने संगणकात उतरवली की साधारण १३ जीबीची फाइल होते. दीडशे कॅसेट म्हणजे जवळपास दोन टीबी. हा सगळा संग्रह बहुतेक वेळा एकाच यूएसबी हार्ड डिस्कवर असतो. डिस्क गेली तर कॅसेट आहेत म्हणावं, तर त्या वाजवणारा कॅमेरा बिघडलेला असतो आणि नव्या संगणकाला फायरवायरचं पोर्टच नसतं. म्हणून एक प्रत क्लाउडवर ठेवावी असं ठरतं आणि कुणीतरी ब्राउझर उघडून फाइली ओढून टाकायला लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रीनवर ‘अपलोड अयशस्वी’ दिसतं, पण नेमकं काय गेलं आणि काय राहिलं ते कळत नाही.

या कामासाठी आरक्लोन नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. निक क्रेग-वुड यांनी तो सुरू केला. त्याचा कोड खुला आहे आणि क्लाउड साठवणुकीच्या बहुतेक नावाजलेल्या सेवांशी तो बोलतो. तो मुख्यतः खिडक्या-बटणांनी नाही, तर आज्ञा टाइप करून चालवायचा असतो, त्यामुळे पहिल्यांदा बघणारा दचकतो. पण ती आज्ञा वहीत लिहून ठेवता येते आणि वीज गेल्यावर जशीच्या तशी पुन्हा देता येते. ब्राउझरमध्ये ही सोय नाही.

उदाहरणादाखल आपला स्टुडिओ बॅकब्लेझ बी२ या सेवेवर संग्रह ठेवतो असं धरू. सेवेच्या वेबसाइटवर एक बकेट, म्हणजे आपल्या फाइलींची जागा, तयार करायची. मग `rclone config` ही आज्ञा देऊन आरक्लोनला खात्याची किल्ली सांगायची आणि त्या खात्याला `b2` असं नाव द्यायचं. हे एकदाच करावं लागतं. त्यानंतरची खरी आज्ञा अशी:

```
rclone copy E:\MiniDV b2:studio-minidv --transfers 1 --bwlimit "09:00,1M 21:00,5M" --log-file copy.log --log-level INFO -P
```

यातला `copy` हा शब्द जपून निवडलेला आहे. `sync` म्हणूनही एक आज्ञा आहे आणि बरेच जण तीच वापरा म्हणून सांगतात. पण `sync` दोन्ही बाजू सारख्या करते, म्हणजे डिस्कवरून एखादी फाइल चुकून उडाली तर पुढच्या वेळी ती क्लाउडवरूनही काढते. `copy` फक्त भर घालते, तिकडची फाइल काढत नाही. संग्रहाच्या कामाला `sync` ला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता वेगाचा लगाम. फायबरची जोडणी ५० एमबीपीएसची आहे असं समजू. हा आकडा बिट्सचा असतो. आरक्लोनचा `--bwlimit` मात्र बाइट्समध्ये मोजतो आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. म्हणजे ५० एमबीपीएसची लाइन सेकंदाला फार तर सव्वासहा मेगाबाइट वाहून नेते. अर्धी लाइन मोकळी ठेवावी म्हणून कुणी `25M` लिहिलं, तर त्याने लाइनच्या चौपट मर्यादा घातली, म्हणजे मर्यादाच घातली नाही. ही गफलत ओळखायची खूण सोपी आहे. लगाम घालूनही दुकानातलं इंटरनेट रखडत असेल तर आधी आकड्याला आठने गुणून बघावं.

लगाम लागतोच कशाला, आपण तर फक्त पाठवतोय, डाउनलोडची बाजू मोकळी आहे, असं वाटू शकतं. पण तिकडून येणाऱ्या माहितीच्या प्रत्येक थोड्या भागाला आपल्या संगणकाला ‘मिळालं’ अशी पोच पाठवावी लागते आणि ती पोच याच वर जाणाऱ्या वाटेने जाते. राउटरच्या तोंडाशी व्हिडिओच्या तुकड्यांची रांग लागली की पोच त्या रांगेत मागे उभी राहते. मग व्हॉट्सॲपचा कॉल तुटतो, गिऱ्हाइकाला पाठवलेले फोटो अडकतात, साधं पानसुद्धा उघडायला वेळ घेतं. वाटेत थोडी जागा शिल्लक ठेवली की रांगच लागत नाही. म्हणून रात्रीसुद्धा पूर्ण सव्वासहा न देता ५ दिले आहेत.

अवतरणातला मजकूर म्हणजे वेळापत्रक आहे. सकाळी ९ ते रात्री ९ सेकंदाला साधारण एक मेगाबाइट, त्यानंतर सकाळपर्यंत पाच. प्रोग्रॅम चालू असतानाच वेग आपोआप बदलतो. दिवसाच्या बारा तासांत ४५ जीबी जातात, म्हणजे जेमतेम साडेतीन कॅसेट. रात्रीच्या बारा तासांत सुमारे २२५ जीबी, म्हणजे सतरा. या हिशेबाने दोन टीबीला आठवडाभरापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. विंडोजची झोपी जाण्याची सेटिंग मात्र आधी बंद करावी, नाहीतर रात्र फुकट जाते.

`--transfers 1` म्हणजे एका वेळी एकच फाइल. आरक्लोन एरवी चार फाइली एकदम पाठवतो, आणि लहान फोटोंसाठी ते बरोबरच आहे. इथे मात्र फाइल १३ जीबीची आहे आणि अर्धवट गेलेली फाइल आरक्लोन पुढच्या वेळी मधून सुरू करत नाही, पहिल्यापासून पाठवतो. रात्रीच्या वेगाने एक फाइल चाळीसेक मिनिटांत जाते. चार एकदम पाठवल्या तर चौघींना मिळून पावणेतीन तास लागतात, आणि अडीच तासांनी वीज गेली तर चारही पुन्हा. एकेक पाठवल्यास नुकसान जास्तीत जास्त चाळीस मिनिटांचं. पूर्ण झालेल्या फाइली पुन्हा जात नाहीत. आज्ञा परत दिली की आरक्लोन आकार आणि तारीख बघून त्या सोडून देतो.

प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला काही मिनिटं शून्य टक्केच दिसतात, तेव्हा प्रोग्रॅम बंद करू नये. तो डिस्कवरून पूर्ण फाइल वाचून तिची एसएचए-१ खूण काढत असतो. ही खूण म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेली चाळीस अक्षरांची ओळ. मजकुरात एक बिट इकडचा तिकडे झाला की ओळ पूर्ण बदलते. पुढची सगळी तपासणी याच ओळीवर चालते.

आठवड्याने स्क्रीनवर शंभर टक्के दिसतात. इथेच लोक डिस्क पुसून नव्या कामाला घेतात. त्याआधी ही आज्ञा द्यायला हवी:

```
rclone check E:\MiniDV b2:studio-minidv --one-way --combined tapasni.txt
```

आरक्लोन डिस्कवरची प्रत्येक फाइल पुन्हा वाचतो आणि तिची खूण क्लाउडवर नोंदलेल्या खुणेशी ताडतो. यात इंटरनेट जवळजवळ लागत नाही, डिस्क वाचायलाच पाच-सहा तास जातात. `tapasni.txt` मध्ये प्रत्येक नावाआधी एक चिन्ह येतं. `=` म्हणजे जुळली, `+` म्हणजे फक्त आपल्याकडे आहे, क्लाउडवर पोचलेली नाही. `*` म्हणजे दोन्हीकडे आहे पण जुळत नाही, `!` म्हणजे वाचतानाच अडचण आली. `+` आढळल्या तर `copy` पुन्हा चालवायची. `!` आली तर डिस्कच्या तब्येतीची चौकशी करायची.

शेवटी `0 differences found` आलं की जीव भांड्यात पडतो, पण त्याच्या जवळची ओळही वाचावी. तिथे कधी कधी `hashes could not be checked` असं लिहिलेलं असतं आणि आधी एक आकडा असतो. तेवढ्या फाइलींची खूण क्लाउडवर नव्हतीच, आरक्लोनने नुसता आकार बघून त्या पास केल्या. आधी दुसऱ्या साधनाने चढवलेल्या मोठ्या फाइलींचं असं होऊ शकतं.

आणि खूण जुळली म्हणजे नक्की काय जुळलं? बी२ वर १३ जीबीची फाइल एकसंध जात नाही, सुमारे शंभर मेगाबाइटच्या तुकड्यांनी जाते. प्रत्येक तुकड्यासोबत त्याची खूण जाते आणि बी२ तो तुकडा घेतानाच तपासून घेतं. संपूर्ण फाइलची खूण मात्र बी२ स्वतः काढत नाही. ती आरक्लोननेच पाठवताना सोबत दिलेली असते, गोणीवर बांधलेल्या चिठ्ठीसारखी. `check` ती चिठ्ठी वाचतो, गोणी उघडत नाही. प्रत्येक तुकडा तपासूनच घेतलेला असल्यामुळे ही चिठ्ठी पुष्कळ विश्वासाची आहे. तरी गोणी उघडायचीच असेल तर `--download` जोडावं. मग आरक्लोन क्लाउडवरची फाइल खरोखर उतरवून डिस्कवरच्या फाइलशी ताडतो.

दोन टीबीसाठी हे एका दमात करू नये. काही सेवा उतरवण्याचे पैसे घेतात. शिवाय आपल्याकडच्या अनेक ‘अमर्यादित’ फायबर योजनांना महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते आणि तीत चढवलेलंही मोजलं जातं. दोन टीबी वर आणि दोन टीबी खाली केलं की ती ओलांडली. म्हणून यंदाच्या महिन्यात ज्या कॅसेट पुन्हा उतरवताच येणार नाहीत, बुरशी आलेल्या किंवा टेप तुटलेल्या, तेवढ्याच एका फोल्डरमधून उतरवून तपासाव्यात. बाकीच्या पुढच्या महिन्यात.

या सगळ्या तपासणीत एक गोष्ट सुटते. फाइल डिस्कवरच आधी बिघडलेली असेल तर आरक्लोन ती बिघडलेली फाइल इमानेइतबारे पोचवतो आणि दोन्ही खुणा छान जुळतात. यावर उपाय `copy` च्या आधीचा आहे. कॅसेट उतरवून, व्हिडिओ नीट चालतो ना हे बघून झालं की लगेच खुणांची यादी करायची:

```
rclone hashsum sha1 E:\MiniDV --output-file sums.sha1
```

ही यादी काही केबींची असते, ईमेलनेही स्वतःला पाठवून ठेवता येते. पुढे डिस्क हाताशी नसली तरी `rclone checksum sha1 sums.sha1 b2:studio-minidv` या आज्ञेने क्लाउडवरच्या खुणा यादीशी ताडता येतात. वर्षभराने डिस्कवर पुन्हा `check` चालवला आणि एखाद्या नावापुढे `*` आला, तर खोटी कोणती बाजू हेही यादीच सांगते. बहुतेकदा ती डिस्कची असते. अशा वेळी खबरदारी म्हणून `copy` ला `--checksum` जोडून पुन्हा चालवण्याचा मोह होतो, पण तसं केलं तर किडलेली फाइल वर जाऊन चांगल्या फाइलची जागा घेते. आधी क्लाउडवरची फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवायची, तिची खूण यादीतल्या ओळीशी जुळवायची आणि मगच डिस्कवरची बदलायची.