‘अभिनंदन!’च्या पुढची एक ओळ

सरकारी बँकेच्या शाखेत एखाद्या लिपिकाचं प्रमोशन होतं, तेव्हा त्यामागे लेखी परीक्षा असते, मुलाखत असते आणि निकालाची वाट पाहण्यात गेलेले दिवस असतात. यादी लागते. कुणीतरी त्या नावाभोवती लाल गोल काढून फोटो शाखेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतं आणि खाली रांग लागते: ‘हार्दिक अभिनंदन’, ‘अभिनंदन मॅडम’, पुष्पगुच्छ, टाळ्या, ‘पार्टी कधी?’ पहिल्याने जे लिहिलं तेच पुढचे दहा जण लिहितात. ज्यांचं प्रमोशन झालं त्या बाई रात्री घरी निवांत बसून ते सगळं वाचतात, आणि त्यात कुणी काय म्हटलं ते त्यांना वेगळं आठवत नाही.

यात लिहिणाऱ्यांचं मन खोटं नसतं. आनंद बहुतेकांना झालेला असतो, पण तो लिहिताना हात आखडतो. चार वाक्यं लिहिली तर लोकांना वाटेल फारच पुढे पुढे करतोय. शब्द चुकले तर सगळ्यांसमोर हसं होईल. त्यापेक्षा सगळ्यांनी लिहिलंय तेच बरं.

या संकोचावर अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या एरिका बूथबी आणि व्हेनेसा बोन्स या संशोधकांनी लोकांना दुसऱ्याचं कौतुक करायला सांगितलं आणि आधी अंदाज विचारला: समोरच्याला किती बरं वाटेल, किती अवघडल्यासारखं होईल? अंदाज सातत्याने चुकले. ऐकणाऱ्याला अपेक्षेपेक्षा जास्त बरं वाटलं आणि तो अपेक्षेपेक्षा कमी अवघडला. बोलणाऱ्याचं लक्ष ‘मला हे नीट जमतंय का’ याकडे होतं; ऐकणाऱ्यापर्यंत मात्र त्यातली आपुलकी पोचत होती. म्हणजे ग्रुपवर लिहिताना शब्द सजवण्याची चिंता सोडून द्यायला हरकत नाही. शोधायचा तो तपशील.

वरच्या शाखेचंच उदाहरण पुढे नेऊ. समजा, त्या बाईंचं नाव स्मिता, आणि शाखेत सगळे त्यांना स्मिताताई म्हणतात. नोव्हेंबरात पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला येतात, तेव्हा काउंटरवर रांग मावत नाही. गेल्या खेपेला स्मिताताईंनी दारातच खुर्च्या मांडल्या, कागदाचे तुकडे कापून नंबर वाटले आणि ज्यांच्या बोटांचे ठसे मशीन घेत नव्हतं, त्यांचे अर्ज बाजूला बसून स्वतः भरले. शेजारच्या काउंटरवरच्या सहकाऱ्याने हे पाहिलेलं आहे. त्याने ग्रुपवर इतकंच लिहावं:

‘स्मिताताई, मनापासून अभिनंदन! नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांची गर्दी तुम्ही कशी सांभाळलीत ते आम्ही पाहिलंय. आता अधिकारी म्हणून तुमच्या हाताखाली शाखा अशीच चालेल.’

तीन वाक्यं. पहिल्यात नाव आणि अभिनंदन, दुसऱ्यात स्वतः पाहिलेलं एक काम, तिसऱ्यात नव्या पदाचा उल्लेख. सगळा भार दुसऱ्या वाक्यावर आहे, कारण ते दुसऱ्या कुणाच्या नावाखाली चिकटवता येणार नाही. ‘तुमची मेहनत, जिद्द आणि चिकाटी फळाला आली’ हे वाक्य मात्र शाखेतल्या कुणालाही चालतं, म्हणून ते वाचलं की लगेच विसरतं. पाहिलेलं काम लहान असलं तरी चालतं. ‘नवीन आलो तेव्हा रोकड जुळेपर्यंत तुम्ही माझ्यासोबत थांबला होतात’ एवढंही पुरे.

आणि तिथेच थांबावं. ग्रुपवरचा संदेश शिपायापासून व्यवस्थापकापर्यंत सगळे वाचतात. तिथे दहा वर्षांच्या आठवणी काढल्या की वाचणारा ओलांडून पुढे जातो आणि स्मिताताईंनाही सगळ्यांदेखत त्याला उत्तर द्यावं लागतं. जास्त सांगायचं असेल तर त्यांना वेगळा संदेश पाठवावा, नाहीतर दुपारच्या डब्याच्या वेळी शेजारी बसून बोलावं.

काही वाक्यं चांगल्या मनाने लिहिली जातात, तरी आनंदाला टाचणी लावतात. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल यांनी 2004 मध्ये सहकाऱ्यांसह एक अभ्यास प्रसिद्ध केला; कुणी आपली आनंदाची बातमी सांगतं तेव्हा जवळची माणसं तिला कसा प्रतिसाद देतात, हा त्याचा विषय होता. त्यातला एक प्रकार आपल्या ग्रुपवर हमखास भेटतो: बातमीतली अडचण लगेच दाखवून देणं. ‘अभिनंदन, पण आता बदली कुठे?’, ‘आता काय, संध्याकाळी आठशिवाय घर नाही!’ लिपिकाचा अधिकारी झाला की बदली बहुधा ठरलेलीच असते, आणि त्या भीतीने कितीतरी जण, विशेषतः घरी लहान मुलं किंवा आजारी सासू-सासरे असलेल्या बायका, प्रमोशन नाकारतात. स्मिताताईंनी हा हिशेब रात्र रात्र जागून केलेला असणार. त्या दिवशी तो त्यांच्यापुढे पुन्हा मांडायची गरज नसते. ‘पार्टी कधी?’ एकदा आलं तर गंमत, पाच वेळा आलं तर मागणी. त्यामुळे आपल्या आधी कुणी ते लिहिलं असेल तर आपण गाळावं.

त्याच ग्रुपवर आणखी एक वाचक असतो, ज्याने तीच परीक्षा दिली आणि ज्याचं नाव यादीत नाही. ‘अखेर लायक माणसालाच न्याय मिळाला’ असं कुणी लिहिलं की तो वाक्याची दुसरी बाजू वाचतो. ‘सगळ्यांत’, ‘एकमेव’, ‘खरी लायकी’ असे तुलनेचे शब्द काढून टाकले तरी स्मिताताईंचं कौतुक तसूभरही कमी होत नाही. पाहिलेल्या कामाबद्दलच लिहिलं तर तुलना आपोआप टळते, आणि ज्याचं नाव लागलं नाही त्यालाही त्या कामाला मनापासून दाद देता येते.

वेळेचंही एक पथ्य आहे. खाजगी कंपन्यांत बढतीची कुणकुण पत्र हातात पडण्याआधीच लागते. वरिष्ठाने जाहीर करण्यापूर्वी ग्रुपवर अभिनंदन केलं तर ज्याचं प्रमोशन त्याचीच पंचाईत होते; त्याला ना हो म्हणता येतं, ना नाही. अधिकृत घोषणा किंवा यादी येईपर्यंत थांबावं, आणि लिहिण्याआधी पदाचं नाव व आडनाव एकदा तपासून घ्यावं. आनंदाच्या संदेशात आपलं नाव चुकलेलं फार बोचतं.

वरिष्ठाने लिहायचं तर त्याची जबाबदारी थोडी जास्त आहे. 2022 पासून व्हॉट्सअ‍ॅपवर संदेशाला बोट लावून नुसत्या टाळ्या देता येतात. सहकाऱ्याच्या टाळ्या चालून जातात, कारण तो अर्ध्या तासात टेबलापाशी येऊन हात मिळवणार असतो. शाखा व्यवस्थापकाने तेवढंच केलं तर सगळ्या शाखेला ते जाणवतं, कारण स्मिताताईंचं काम त्यांनी रोज पाहिलेलं आहे आणि सगळ्यांदेखत त्याचं नाव घेण्याचा अधिकार त्यांच्याइतका कुणाला नाही. हाताखालच्या माणसाने साहेबांचं अभिनंदन करताना मात्र शब्द कमी वापरलेले बरे. ‘अभिनंदन सर, कर्जाच्या फाइली तुमच्याकडून शिकलो’ हे खरं असेल तर एवढंच; त्यापुढे ‘आपल्यासारखे नेतृत्व’ आलं की वाचणाऱ्यांना त्यात दुसराच हेतू दिसायला लागतो.

रजेवर असल्यामुळे किंवा ग्रुप म्यूट केल्यामुळे बातमी दोन-तीन दिवसांनी कळली, तर अनेक जण आता उशीर झाला म्हणून गप्प बसतात. तसं करायचं कारण नाही. एव्हाना ग्रुपवर दुसरे विषय सुरू झालेले असतात. जुना संदेश वर आणण्याऐवजी थेट स्मिताताईंना लिहावं: ‘ताई, आजच कळलं. फार आनंद झाला.’ उशिराचं लांबलचक स्पष्टीकरण नको, नाहीतर अभिनंदन बाजूला राहून त्यांनाच ‘अहो, असू द्या’ म्हणत बसावं लागतं. पुढे आपण पाहिलेलं ते एक काम लिहावं. पहिल्या दिवशीच्या गर्दीत नसल्यामुळे हा संदेश त्या सावकाश वाचतात आणि बहुधा उत्तरही सविस्तर देतात: नवी शाखा कुठली, रुजू कधी व्हायचं, मुलांच्या शाळेचं काय ठरलं.