‘काही खाल्लं नाही ना?’ ‘हो.’ मग खाल्लं की नाही? नकारार्थी प्रश्नांची भानगड नेमकी काय आहे?

सकाळचे साडेनऊ वाजलेत. दहा वाजता ऑपरेशन आहे. सिस्टर फाइल घेऊन येतात आणि कॉटवरच्या पेशंटला विचारतात, “काका, सकाळपासून काही खाल्लं नाही ना?”

काका म्हणतात, “हो.”

सिस्टर फाइलवर टिक करतात आणि पुढच्या पेशंटकडे जातात. आता या ‘हो’चा अर्थ काय लावायचा? ‘हो, बरोबर आहे, नाही खाल्लं’ की ‘हो, खाल्लंय थोडं’?

हा प्रसंग काल्पनिक आहे, पण असा प्रश्न आणि असं उत्तर आपण रोज ऐकतो. घरी त्यातून फार तर चहाचा एक कप वाढतो किंवा कमी होतो. भूल देण्याआधी मात्र या उत्तराला खूप किंमत असते. भूल दिल्यावर खोकून घसा मोकळा करण्याची शरीराची सवय थांबते. अशा वेळी पोटात अन्न असेल, तर ते वर येऊन श्वासनलिकेत आणि फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

हो म्हणजे कशाला हो?

प्रश्न सरळ असेल तर काही अडचण येत नाही. ‘जेवलास का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणजे जेवलो आणि ‘नाही’ म्हणजे नाही जेवलो. पण ‘जेवला नाहीस?’ असं विचारलं की उत्तर देण्याच्या दोन पद्धती समोर येतात.

पहिल्या पद्धतीत आपण समोरच्याच्या बोलण्याला उत्तर देतो. तू म्हणतोस ते बरोबर असेल तर ‘हो’, चूक असेल तर ‘नाही’. जपानी भाषेत साधारण असंच चालतं. जेवला नसलेला माणूस तिथे ‘हाय’, म्हणजे ‘हो’ म्हणतो. दुसऱ्या पद्धतीत प्रश्न कसा विचारला याला महत्त्व नसतं, काय घडलं ते सांगायचं असतं. जेवण झालं असेल तर ‘यस’, झालं नसेल तर ‘नो’. ही इंग्रजीची पद्धत. म्हणूनच परदेशी क्लायंटने कॉलवर ‘तुम्हाला मेल मिळाला नाही का?’ असं इंग्रजीत विचारलं आणि आपल्याकडच्या कुणी मराठीच्या सवयीने ‘यस’ म्हटलं, तर पलीकडचा माणूस मेल मिळाला असं समजून पुढे जातो.

फ्रेंच आणि जर्मन भाषांनी यावर चांगला तोडगा काढलाय. नकार खोडून काढायला त्यांच्याकडे वेगळा शब्दच आहे. फ्रेंचमध्ये ‘सी’ आणि जर्मनमध्ये ‘डॉख’. ‘जेवला नाहीस?’ला ‘डॉख’ म्हटलं की अर्थ एकच निघतो, जेवलोय. जुन्या इंग्रजीतही सरळ प्रश्नासाठी ‘ये’ आणि ‘ने’, तर नकारार्थी प्रश्नासाठी ‘यस’ आणि ‘नो’ अशा दोन वेगळ्या जोड्या होत्या. १६व्या शतकात थॉमस मोर यांनी बायबलचे अनुवादक विल्यम टिंडेल यांना या जोड्यांची सरमिसळ केली म्हणून झापलं होतं. गंमत म्हणजे नियम समजावताना मोर स्वतःच घसरले. पुढे हा फरक इंग्रजीतून निघून गेला.

मराठीत गोंधळ कुठे होतो?

मराठीत वर सांगितलेल्या दोन्ही पद्धती चालतात आणि खरी मेख इथेच आहे. काकांनी ‘हो’च्या ऐवजी ‘नाही’ म्हटलं असतं, तरी सिस्टरांनी टिकच केली असती. ‘हो’ म्हणजे ‘हो, बरोबर, नाही खाल्लं’ आणि ‘नाही’ म्हणजे ‘नाही खाल्लं’. उत्तर काहीही आलं तरी ऐकू एकच येतं.

याचं एक कारण ‘नाही’ या शब्दातच आहे. मराठीत तो दोन कामं करतो. समोरच्याचं म्हणणं खोडायलाही ‘नाही’ आणि एखादी गोष्ट घडली नाही हे सांगायलाही ‘नाही’. या दोन्हींतला फरक फक्त एका श्वासाचा आहे. ‘नाही खाल्लं’ सलग म्हटलं तर पोट रिकामं आहे. ‘नाही, खाल्लं’ असं मध्ये थांबून म्हटलं तर पोटात काहीतरी गेलंय. बोलताना ही थांबण्याची जागा कळते. दमलेला, घाबरलेला किंवा कानाने अधू असलेला पेशंट पुटपुटला तर ती कळेलच असं नाही.

दुसरं कारण प्रश्नाच्या शेवटच्या ‘ना’मध्ये आहे. ‘खाल्लं नाही ना?’ असं विचारणाऱ्याला ‘नाही खाल्लं’ हेच उत्तर अपेक्षित असतं. त्यामुळे एका शब्दाचं उत्तर त्या अपेक्षेच्या बाजूलाच झुकतं. आग्रहाच्या प्रश्नात बरोबर उलटं होतं. ‘काका, चहा घेणार नाही का?’ला काका ‘हो’ म्हणाले तर चहा येतो, कारण विचारणाऱ्याला होकार हवा असतो. दोन्हीकडे नकारार्थीच प्रश्न आहे आणि ‘हो’ही तोच आहे, पण अर्थ विरुद्ध निघतो.

काकांचं नेमकं काय झालं?

आता समजा, काकांनी रात्री ९ वाजता भाकरी-भाजी खाल्ली आणि सकाळी ६ वाजता दुधाचा अर्धा कप चहा घेतला. ‘खाल्लं नाही ना?’ला त्यांनी दिलेला ‘हो’ त्यांच्या दृष्टीने खरा आहे. चहा प्यायचा असतो, खायचा नसतो!

पण भूलतज्ज्ञांचा हिशेब वेगळा असतो. साधारण नियम असा की, पाण्यासारख्या पारदर्शक द्रवानंतर निदान २ तास आणि हलक्या आहारानंतर निदान ६ तास जायला हवेत. तळलेलं किंवा तेलकट खाल्लं असेल तर त्याहून जास्त वेळ लागतो. गाई-म्हशीचं दूध पारदर्शक द्रवात धरत नाहीत, ते हलक्या आहारासारखं मोजलं जातं. (प्रत्येक पेशंटला नेमक्या किती वेळाचा उपास हवा, हे त्याचे डॉक्टरच ठरवतात.) म्हणजे दहाच्या ऑपरेशनला सहाचा दुधाचा चहा हे फक्त ४ तासांचं अंतर झालं. ही गोष्ट कळली तर ऑपरेशन पुढे ढकलायचं का, हा निर्णय डॉक्टर घेऊ शकतात. काकांच्या ‘हो’मधून ती कुणालाच कळलेली नाही.

तोच प्रश्न असा विचारला तर? “काका, शेवटचं काय खाल्लंत आणि किती वाजता? त्यानंतर चहा, दूध, पाणी काय घेतलंत?” याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून सुटताच येत नाही. काकांना भाकरी आणि चहा दोन्ही सांगावे लागतात, वेळेसकट. ‘कशाची अ‍ॅलर्जी नाही ना?’च्या ऐवजी ‘कोणत्या औषधाने कधी पुरळ, सूज किंवा दम लागला होता?’ असं विचारण्यामागेही हेच कारण आहे.

प्रश्न कसा यावा हे पेशंटच्या हातात नसतं, उत्तर असतं. हो-नाही सोडून थेट क्रियापद वापरलं की काम होतं. ‘खाल्लंय’, ‘चहा घेतला, सहाला’, ‘रात्री नऊनंतर काहीच घेतलं नाही’. यातलं एकही वाक्य दोन प्रकारे ऐकता येत नाही. सिस्टरांनाही खात्री करायची असेल, तर ‘म्हणजे रिकाम्या पोटी आहात?’ असा सरळ प्रश्न लगेच विचारता येतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर तर आवाजही नसतो आणि स्वल्पविराम बहुतेक जण टाकत नाहीत. ‘आईच्या गोळ्या संपल्या नाहीत ना?’ला उत्तर येतं ‘नाही संपल्या’. आता हे ‘नाही संपल्या’ आहे की ‘नाही, संपल्या’, हे मेडिकल बंद व्हायच्या आधी फोन करूनच विचारावं लागतं.