सांडलेली कोल्ड कॉफी आणि २४६ रुपये ७५ पैसे

नागपूरच्या मे महिन्यातली गोष्ट. माझ्या मावसबहिणीने दुपारी एका अ‍ॅपवरून एक सँडविच आणि एक आइस्ड कॉफी मागवली. सँडविच ठीक आलं. कॉफीच्या ग्लासचं झाकण मात्र एका बाजूने उचललेलं होतं, निम्मी कॉफी कागदी पिशवीच्या तळाशी साचली होती आणि ग्लासात उरलेली कॉफी कोमट होती. तिने तक्रार केली. उत्तर आलं, ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, पुढच्या ऑर्डरवर ५० रुपयांचं कूपन देत आहोत.’ बहुतेक लोक इथे थांबतात. ती थांबली नाही आणि तिचे पैसे परत आले. तिने नेमकं काय केलं, ते सांगण्यासारखं आहे.

आधी कॉफी कोमट का होते ते पाहू, कारण तक्रारीतला पुरावा तिथूनच मिळतो. मोठ्या ग्लासात साधारण दीडशे ग्रॅम बर्फ घालतात. त्यावर यंत्रातून काढलेली गरम एस्प्रेसो ओततात. साठ मिलिलिटर एस्प्रेसो सत्तर अंशांची असेल, तर तिला गार करण्यातच जवळपास पन्नास ग्रॅम बर्फ वितळतो. म्हणजे ग्लास दुकानाबाहेर पडण्याआधीच एक तृतीयांश बर्फ गेलेला असतो. उरलेला शंभर ग्रॅम बर्फ नागपूरच्या उन्हात, पातळ प्लास्टिकच्या ग्लासात, ढोबळ हिशेबाने पाऊण तास टिकतो. शेजारी गरम सँडविच किंवा बिर्याणीचा डबा असेल तर त्याहून कमी. बर्फ संपेपर्यंत कॉफी थंडच राहते. बर्फ संपला की मात्र ती तापायला लागते, आणि अर्धी सांडलेली असेल तर उरलेली आणखी लवकर तापते.

म्हणून ऑर्डरच्या वेळा बघायच्या. अ‍ॅपवर आणि त्यावर येणाऱ्या सूचनांमध्ये त्या मिळतात. बहिणीच्या ऑर्डरमध्ये ‘तयार’ची वेळ २:५८ होती, डिलिव्हरी करणाऱ्या मुलाने पार्सल उचललं ३:२७ ला आणि ते घरी आलं ३:५२ ला. चोपन्न मिनिटांपैकी एकोणतीस मिनिटं कॉफी दुकानाच्या काउंटरवरच उभी होती. भर उन्हात स्कूटर चालवणाऱ्या त्या मुलाचा यात काही दोष नव्हता. पिशवीचं सील शाबूत होतं, म्हणजे झाकण नीट न बसणं हेही पॅकिंगच्याच वेळचं. अशा वेळी रागाच्या भरात त्या मुलाला एक तारा देणं मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं. त्याच्या कामाचा हिशेब त्या ताऱ्यांवर होतो.

उरलेली कॉफी बघूनही बरंच कळतं. ती फिकट, पाणचट असेल तर बर्फ होता आणि वाटेत वितळला. कोमट असूनही गडद आणि कडक लागत असेल, तर मुळात बर्फच कमी घातला होता. दोन्ही प्रकारांत पैसे परत मागता येतात, पण कारण नेमकं लिहिलं की समोरच्याला टाळता येत नाही.

पुरावा दोन मिनिटांत गोळा होतो, फक्त तो आवराआवरीच्या आधी करायला हवा. पिशवी उघडण्यापूर्वी सीलचा आणि ओल्या तळाचा एक फोटो. मग ग्लास आत असतानाच वरून एक, जेणेकरून उचललेलं झाकण दिसेल. मग ग्लास बाहेर काढून सपाट जागेवर ठेवून बाजूने एक, म्हणजे कॉफी कुठवर उरली आहे ते कळेल. शेवटी बिलाच्या चिठ्ठीचा. ग्लास पुसू नका, कॉफी ओतून देऊ नका आणि पिऊनही टाकू नका. कधीकधी आणखी एखादा फोटो मागतात. तक्रारही लगेच करा, कारण बऱ्याच अ‍ॅपवर काही वेळाने त्या ऑर्डरखालचा मदतीचा पर्याय दिसेनासा होतो.

बहिणीने लिहिलेला मजकूर असा होता:

‘ऑर्डर आज दुपारी ३:५२ ला मिळाली. पिशवीचं सील शाबूत होतं, पण ग्लासचं झाकण उचललेलं होतं आणि निम्मी कॉफी पिशवीत सांडली होती. उरलेल्या कॉफीत बर्फ नव्हता, ती कोमट होती. चार फोटो जोडले आहेत. कॉफीचे २२० रुपये, तिच्या पॅकिंगचे १५ रुपये आणि त्यावरचा ५ टक्के कर ११ रुपये ७५ पैसे, असे एकूण २४६ रुपये ७५ पैसे ज्या यूपीआय खात्यातून दिले त्याच खात्यात परत करावेत. कूपन किंवा वॉलेटमधली रक्कम नको.’

यात ‘फार वाईट अनुभव आला’ असं एकही वाक्य नाही. रक्कम पैशांपर्यंत मोजून दिली आहे. डिलिव्हरीचे पैसे तिने मागितले नाहीत, कारण सँडविच नीट पोचलं होतं. एकटी कॉफीच मागवली असती, तर डिलिव्हरीसकट सगळं बिल मागणं योग्य ठरलं असतं. शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. कूपन एकदा स्वीकारलं की बहुतेक ठिकाणी तक्रार मिटली अशी नोंद होते, आणि ते कूपन वापरायला पुन्हा खर्च करावा लागतो.

चॅटवरून नकार आला तर पुढची पायरी कायद्याने दिलेली आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, आणि त्याखालचे ई-कॉमर्स नियम २०२० चे. त्यांनुसार अशा प्रत्येक कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क अ‍ॅपवर जाहीर करायचा असतो. तक्रार मिळाल्याची पोच त्याने ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात तिचं निवारण करायचं. तक्रारीचा माग ठेवता यावा म्हणून क्रमांकही द्यायचा. ‘आम्ही फक्त मध्यस्थ आहोत, कॅफेशी बोला’ असं उत्तर देऊन कंपनीला ही जबाबदारी झटकता येत नाही. अधिकाऱ्याचा ईमेल पत्ता सहसा अटी-शर्तींच्या पानावर अगदी तळाशी असतो. थोडं शोधावं लागतं. बहिणीने तोच मजकूर, तेच फोटो आणि चॅटचे स्क्रीनशॉट तिथे पाठवले. पैसे मंजूर झाल्यावर तिने व्यवहाराचा संदर्भ क्रमांकही मागून घेतला. कंपनी ‘पाठवले’ म्हणते आणि खात्यात काही दिसत नाही, तेव्हा बँकेत हाच क्रमांक उपयोगी पडतो.

तिथेही दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे मराठीतून बोलता येतं, तक्रार नोंदवायला पैसे लागत नाहीत आणि ती थेट कंपनीकडे पाठवली जाते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. पण एका कॉफीसाठी आयोगापर्यंत जाण्यात वेळ फार जातो. माझ्या मते हेल्पलाइनपर्यंत मात्र जरूर जावं. तिचा क्रमांक १९१५.